धावदोऱ्याचं गणित: कांथा आणि साशिको मऊ असूनही टिकतात कशा?

सुईत दोरा ओवायचा, कापडात खाली घालायचा, थोडं पुढे जाऊन वर काढायचा, पुन्हा खाली. शिवणकामात याहून सोपा टाका नाही. आपण याला धावदोरा म्हणतो. बंगालमधली कांथा आणि जपानमधली साशिको या दोन्ही कापडांचा पाया हाच टाका आहे. आपल्याकडची गोधडीही त्याच टाक्याची, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या घरात, कदाचित भारतातून बॅगेत कोंबून आणलेला, याचा एक नमुना असेलच. शक्य असेल तर तो जवळ घेऊन बसा. पुढचं वाचताना उपयोगी पडेल.

या कापडांना हात लावला की दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे ती वापरून वापरून मऊ झालेली असतात. दुसरी म्हणजे त्यांत एकाखाली एक तीन, चार, कधी सहा-सात थर असतात. आता यातलं कोडं पाहा. जुनं कापड मऊ असतं कारण ते कमकुवत झालेलं असतं. ते मजबूत करायला थर वाढवावेत, तर कापड जाड आणि ताठ व्हायला हवं. मग कांथा मऊही आणि टिकाऊही कशी राहते? उत्तर धाग्याच्या जातीत किंवा नक्षीत नाही. ते धावदोरा थरांना किती घट्ट धरतो आणि किती मोकळं सोडतो, यात आहे.

साडी मऊ होते म्हणजे काय होतं?

नव्या सुती साडीत खळ असते. पहिल्या काही धुण्यांत ती निघून जाते, पण मऊपणा तिथे थांबत नाही. प्रत्येक धुण्यात सूत पाण्याने फुगतं, वाळताना आकसतं, आणि उभे-आडवे धागे एकमेकांवर जिथे घट्ट बसलेले असतात तिथे थोडे सैल होतात. घासल्याने धाग्यांमधले बारीक तंतू सुटून पृष्ठभागावर लव येते. बोटाला जो मऊपणा लागतो त्यात या लवेचा मोठा वाटा आहे.

त्याच वेळी आत आणखी एक गोष्ट चालू असते. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेला असतो. ऊन, घाम आणि ब्लीच यांनी या साखळ्या मधेमधे तुटतात. साखळी जितकी आखूड, तितका तंतू ओढ सहन करायला कमी लायक. म्हणजे मऊपणा आणि झीज या एकाच प्रवासाच्या दोन बाजू आहेत. आजीच्या साडीचा हवाहवासा स्पर्श आणि तिचं निऱ्यांवर विरणं, दोन्ही एकत्रच येतं.

दहा कागदांचा प्रयोग

आता थरांकडे येऊ. छापायच्या कागदाचे दहा ताव घ्या, एकावर एक ठेवा आणि दोन्ही हातांनी कमान करा. सहज वाकतात. वाकताना कडांकडे पाहा: प्रत्येक कागद शेजारच्यावरून थोडा सरकतो आणि कडा तिरकी होते. आता कल्पना करा की हेच दहा ताव डिंकाने पूर्ण चिकटवून वाळवले. तो गठ्ठा पुठ्ठ्यासारखा होईल आणि हाताने वाकवणं कठीण जाईल. कागद तेच, जाडी तीच. फरक फक्त एवढाच की आता थर सरकू शकत नाहीत.

यामागचा नियम साधा आहे. एखादा सलग पट्टा वाकवायला लागणारा जोर त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा थर चिकटवले तर जाडी सहापट, आणि ताठपणा ६ × ६ × ६ म्हणजे २१६ पट. तेच सहा थर मोकळे असतील तर प्रत्येक थर आपापला वाकतो आणि एकूण ताठपणा फक्त ६ पट होतो. २१६ आणि ६. खळीने चिकटवलेली कॉलर आणि गोधडी यांतला फरक याच दोन आकड्यांमधला आहे.

धावदोरा या दोन टोकांच्या मधे बसतो. तो थरांना फक्त टाक्याच्या ठिकाणी धरतो आणि दोन टाक्यांमध्ये ते थोडे सरकू शकतात. म्हणून कापड ६ च्या जवळ राहतं, २१६ च्या नाही. टाके जवळजवळ घातले तर ते २१६ च्या दिशेने सरकतं.

हे हातातल्या गोधडीवर तपासता येतं. टाक्यांच्या ओळी एकाच दिशेने असतील, तर आधी अशी घडी घाला की घडीची रेघ ओळींना समांतर येईल, मग अशी की ती ओळींना आडवी येईल. पहिली घडी सहसा सहज पडते. तिथे थरांना एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत सरकायला जागा असते. दुसऱ्या घडीत टाके काही मिलिमीटरवर एक असतात, शिवाय दोराही त्याच दिशेने वाकवावा लागतो.

मजबुतीचं काय? विरलेल्या साडीचा एक धागा तुटला की त्याच्या शेजारच्यांवर ताण येतो आणि फाट पुढे धावते. थर अनेक असतील तर तुटलेल्या धाग्याचा भार घर्षणातून आणि टाक्यांतून खालच्या थरांकडे जातो. खालच्या थरांत नेमकी तीच जागा विरलेली असण्याची शक्यता कमी असते. फाट जवळच्या टाक्यांपर्यंत पोचली की तिथे तिला नव्या थरांशी झगडावं लागतं. म्हणजे धावदोरा हरवलेली मजबुती बरीचशी परत मिळवून देतो, पण हरवलेला ताठपणा परत आणत नाही. कांथाचं सगळं रहस्य या एका वाक्यात आहे.

बंगाल: सुरकुती मुद्दाम ठेवलेली

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात जुन्या साड्या, धोतरं आणि लुंग्या यांची कांथा होते. पारंपरिक पद्धत अशी: कापडं जमिनीवर एकावर एक पसरायची, हाताने सपाट करायची, कडा आत मुडपून शिवायच्या. मग मोठमोठे टाके घालून थर जागेवर बसवायचे. त्यानंतर नक्षीची बाह्यरेषा येते, बरेचदा मध्यभागी कमळ आणि चारही कोपऱ्यांत झाडं किंवा कोयऱ्या. शेवटी आकृतीच्या आतली आणि भोवतीची जागा बारीक धावदोऱ्याने भरायची. रंगीत दोरा साडीच्या काठातून उसवून काढलेला असे. म्हणजे दोराही अनेकदा धुतलेलाच. हिवाळ्यात पांघरायची जाड कांथा ती लेप, अंथरायची ती सुजनी, आरसा-फणी गुंडाळायची ती आरशीलता.

चांगल्या कांथाची पार्श्वभूमी सपाट नसते. त्यावर बारीक लाटा असतात आणि त्या कमळाभोवती पाण्यातल्या तरंगांसारख्या फिरतात. या लाटा येतात कशा? दोरा ओढून घेतला की तो सरळ व्हायला पाहतो. त्याच्यामुळे कापडाची लांबी थोडी कमी होते. पण कापड स्वतः आकसत नाही, त्यामुळे जास्तीची लांबी वर-खाली फुगते.

किती ओढ लागते? समजा १०० सेंटीमीटरची ओळ ओढीने ९६ सेंटीमीटर झाली, म्हणजे ४ टक्के कमी. लाटांची लांबी १० मिलिमीटर धरली, तर गणिताने प्रत्येक लाटेची माथ्यापासून तळापर्यंतची उंची साधारण १.३ मिलिमीटर येते. आता ओढ फक्त १ टक्का धरा. लाट चौथाई होईल असं वाटतं, पण ती निम्मीच कमी होते, साधारण ०.६ मिलिमीटर. उंची ओढीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून अगदी थोड्या ओढीनेही डोळ्याला दिसणारी लाट उठते. खिडकीतून तिरका उजेड आला की या अर्ध्या मिलिमीटरचीही सावली पडते. कांथाचा तो जुनाट, मवाळ भास बराचसा या सावल्यांचा असतो.

शेजारच्या ओळींतले टाके एकमेकांसमोर आले तर खळगे जोडले जाऊन लांब सऱ्या तयार होतात. ते विटांच्या भिंतीसारखे एकाआड एक आले तर सुटे सुटे फुगवटे दिसतात. टाका तोच, फक्त सुरुवात अर्ध्या टाक्याने पुढे-मागे. या फुगवट्यांत अडकलेली स्थिर हवा ऊब देते. म्हणून लाटा असलेली कांथा तितक्याच थरांच्या सपाट कापडापेक्षा थोडी अधिक उबदार असते.

जपान: तोच टाका, उलट हेतू

साशिको या शब्दाचा अर्थ साधारण ‘बारीक टोचणी’. तिची गोष्ट बंगालच्या उलट टोकापासून सुरू होते. जपानच्या उत्तरेकडच्या थंडीत कापूस पिकत नसे. तिथले शेतकरी हेम्पचं, म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या सालीच्या धाग्याचं, कापड वापरत. ते मजबूत होतं, पण खरखरीत आणि विरळ विणीचं. त्यातून वारा आरपार जाई. त्यातच आजच्या आओमोरी प्रांतातल्या त्सुगारु संस्थानाने १७२४ मध्ये शेतकऱ्यांच्या राहणीवर निर्बंध घातले आणि त्यांना सुती कपडे वापरायला मनाई केली.

तिथे पुढे जी कला फुलली तिला कोगिन म्हणतात. निळीत रंगवलेल्या हेम्पच्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याने, कापडाचे धागे मोजून, एक, तीन, पाच असे विषम धागे ओलांडत धावदोरा घालायचा. नक्षी म्हणून शंकरपाळ्यांचे सुंदर आकार उमटतात, पण काम दुसरंच होतं: दोरा विणीतली भोकं बुजवतो, वारा अडतो आणि खांद्याला खरखरीत हेम्पऐवजी मऊ सूत लागतं. बंगालमध्ये कापड मऊ होतं आणि त्याला मजबुती हवी होती. इथे कापड मजबूत होतं आणि त्याला ऊब व मऊपणा हवा होता. दोघांना एकच टाका पुरला.

नेहमीच्या साशिकोत निळ्या कापडाचे दोन किंवा अधिक थर आणि पांढरा दोरा असतो. नक्षी भौमितिक: हेम्पच्या पानाची असानोहा, लाटांची सेइगाइहा, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची शिप्पो. शिकवताना वरचा टाका आणि खालची फट यांचं प्रमाण साधारण ३:२ ठेवायला सांगतात. सुईवर एकाच वेळी बरेच टाके घेऊन मग दोरा ओढतात. त्यानंतरची कृती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओळ ओढून झाली की कापड अंगठा आणि बोटांमध्ये धरून टाक्यांच्या दिशेने निपटतात, म्हणजे दोरा सैल होऊन टाक्यांमध्ये सारखा पसरतो. याला इतोकोकी म्हणतात. शिवाय ओळ वळते तिथे मागच्या बाजूला दोऱ्याची छोटी सैल कडी सोडतात. म्हणजे बंगालची बाई ज्या ओढीतून लाट काढते, तीच ओढ जपानची बाई हाताने निपटून टाकते. लाट नाही, म्हणून भौमितिक रेघ सरळ राहते.

ताठपणाच्या पट्ट्यावर साशिकोचं दुसरं टोकही सापडतं. एदो काळातले अग्निशामक सुती कापडाचे अनेक थर दाट धावदोऱ्याने शिवलेले जाड अंगरखे घालत आणि आगीत शिरण्याआधी ते पाण्यात भिजवत. तिथे मऊपणाची गरज नव्हती. थर पाणी धरून ठेवणं आणि अंगावर काही कोसळलं तर मार झेलणं हे काम होतं. टाके दाट केले की तोच टाका चिलखत होतो.

निळीची झीज काय सांगते

जुन्या साशिकोचा आणि ठिगळं लावलेल्या बोरो कापडांचा फिकट रंग आज फॅशनमध्ये आहे. ही झीज निळीच्या रसायनामुळे येते. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या पिंपात तिचं विरघळणारं, पिवळट-हिरवं रूप तयार करतात. कापड त्यात बुडवून बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजनने ती पुन्हा निळी आणि अविद्राव्य होते. हे इतक्या लवकर होतं की रंग धाग्याच्या बाहेरच्या कड्यातच बसतो आणि गाभा पांढरा राहतो. घासलं की बाहेरचं कडं जातं आणि गाभा दिसतो. जीन्स गुडघ्यावर पांढरी होते ती याच कारणाने.

म्हणून खरी झीज नकाशासारखी वाचता येते. खांदे, कोपर, मांडी, घडीची रेघ आणि लाटांचे माथे आधी फिकट होतात. टाक्याखाली आणि ठिगळाखाली झाकलेला भाग गडदच राहतो. ‘जुनं’ म्हणून विकत घ्यायच्या कापडाचं ठिगळ जरासं उचलून पाहा. आत-बाहेर रंग एकसारखाच फिकट असेल, तर कापड बहुधा दगडांबरोबर किंवा एन्झाइमने धुऊन म्हातारं केलेलं आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त जुन्याची किंमत देऊ नका.

हाताच्या कामाची खूण मागच्या बाजूला असते. साध्या शिलाई मशीनला वरचा आणि खालचा असे दोन दोरे लागतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना सलग रेघ दिसते. धावदोऱ्यात दोरा एकच: पुढे टाका तिथे मागे फट, मागे टाका तिथे पुढे फट. तुटक टाका घालणारी खास मशीनही असते. पण तिचा प्रत्येक टाका मोजून सारखा असतो, तर हाताच्या ओळीत सुईच्या प्रत्येक भरणीला लांबी किंचित बदलते. आणि छापील ‘कांथा’ नखाने खरवडली की लगेच कळते, नखाला टाका लागतच नाही.

दोन साड्यांचा हिशेब

समजा तुमच्याकडे आईच्या दोन जुन्या सुती साड्या आहेत आणि त्यांची गोधडी करायची आहे. साडी साडेपाच मीटर लांब धरू. लांबीत तीन सारखे भाग केले की १.८३ मीटर लांब आणि साधारण १.१५ मीटर रुंद असे तीन थर मिळतात. दोन साड्यांचे सहा. ओळी एकमेकींपासून एक सेंटीमीटरवर आणि लांबीच्या दिशेने घेतल्या, तर ११५ ओळी होतात, म्हणजे एकूण २१० मीटर धावदोरा. टाका ४ आणि फट ३ मिलिमीटर असेल तर सुमारे ३० हजार टाके. दोरा थरांतून वर-खाली जातो, टोकं वाया जातात, म्हणून २५० मीटर जवळ ठेवा. ओळी अर्ध्या सेंटीमीटरवर घेतल्या तर हे सगळं दुप्पट होईल आणि गोधडी जास्त ताठही होईल.

यात तीन ठिकाणी काम बिघडतं. पहिलं म्हणजे नवं कापड. मागच्या बाजूला कोरं सुती कापड लावलं तर पहिल्या काही धुण्यांत ते ३ ते ५ टक्के आटू शकतं. साडी पूर्वीच आटलेली असते. आता वरचं गणित आठवा: ४ टक्क्यांच्या फरकाने साडीवर मिलिमीटरभर उंचीच्या, न मागितलेल्या सुरकुत्या उठतील. म्हणून नवं कापड आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन घ्या.

दुसरं म्हणजे दोरा. ‘मजबूत हवा’ म्हणून पॉलिएस्टरचा दोरा निवडण्याचा मोह होतो. तो तुटत नाही, पण विरलेल्या सुताला ओढ बसली की करवतीसारखा कापत जातो. नियम असा ठेवा की कापडाच्या आधी दोरा तुटला पाहिजे. तुटलेली ओळ पुन्हा घालता येते, फाटलेली साडी पुन्हा विणता येत नाही. म्हणून मऊ सुती दोरा घ्या. जरीचा काठही काढून ठेवा, धातूची तार शेजारच्या सुताला झिजवते.

तिसरं म्हणजे फार विरलेली साडी. ती उजेडासमोर धरा. वीण दाट-विरळ दिसली तर चालेल, तो भाग आतल्या थरात घाला. पण दोन्ही हातांनी हलकेच ताणल्यावर धागे सुटू लागले किंवा घडीवर कापड तडकलं, तर ते टाक्यांनीही वाचणार नाही, कारण टाका धरणार कशाला? सुईचं भोकच तिथे फाटीची सुरुवात ठरेल.

तयार गोधडी धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण पुरे. सूत ओलं असताना कमकुवत होत नाही, उलट थोडं बळकटच होतं. धोका वजनाचा असतो: सहा थर भरपूर पाणी धरतात आणि एका कोपऱ्याला धरून उचलली तर सगळा भार काही टाक्यांवर येतो. खाली चादर घालून चादरीसकट उचला आणि आडवी पसरून वाळवा. ड्रायर मात्र टाळा. त्याच्या जाळीत जमणारी ती मऊ राखाडी लव म्हणजे तुमच्या गोधडीचेच तंतू, लाटांच्या माथ्यांवरून घासून निघालेले.

वर्षातून एकदा गोधडी उलटी करून बोट ओळींवरून फिरवा. जिथे दोरा तुटला असेल तिथे बोट अडखळत नाही, सरळ सरकतं. त्या ठिकाणी जुन्याच भोकांतून नवा दोरा घाला.